चाकरी आणि फिर्याद : प्रस्तावना

१८४१ सालच्या उत्तरार्धात मुंबईच्या ‘बॉम्बे गॅझेट’ या इंग्रजी पत्रात एकामागून एक आठ पत्रे छापून आली. खाली सही होती ‘एक हिंदू’. पत्रांची इंग्रजी सफाईदार होती, पण मजकूर इंग्रज वाचकाला बोचणारा होता. या देशातले धन वाहून विलायतेला चालले आहे, इथल्या विणकराच्या कापडावर तिकडे जबर जकात आणि तिकडच्या कापडाला इथे मोकळी वाट, हा कसला खुला व्यापार, असा लेखकाचा सवाल होता. कंपनीने राज्ये कोणत्या मार्गांनी मिळवली हेही त्याने लपवले नाही. पेशवाई जाऊन तेव्हा जेमतेम तेवीस वर्षे झाली होती. दादाभाई नौरोजी अजून शाळकरी वयाचे होते आणि न्यायमूर्ती रानड्यांचा जन्मही झाला नव्हता.

ही पत्रे भास्कर पांडुरंग तर्खडकर या पंचविशीतल्या तरुणाची होती. सरकारच्या आश्रयाने आणि लोकवर्गणीने मुंबईत उभ्या राहिलेल्या इंग्रजी शिक्षणाच्या पहिल्या पिकातला हा तरुण. त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे असलेले भाऊ म्हणजे मराठी भाषेचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग. दोघांनी त्याच शहरात त्याच तऱ्हेचे शिक्षण घेतले. दादोबा शिक्षक झाले, मराठी शाळांचे निरीक्षक झाले, १८५२ साली अहमदनगरला डेप्युटी कलेक्टर झाले. तिथे भिल्लांचे बंड मोडण्यास मदत केल्याबद्दल सरकारने त्यांना रावबहादूर केले. धाकटा भाऊ सरकारच्या राज्याला लूट म्हणत होता, थोरला ते राज्य जिल्ह्याच्या पातळीवर चालवत होता.

एवढ्यावर थांबलो तर गोष्ट सोपी होईल. एक भाऊ सहकारी, एक भाऊ टीकाकार. पण हेच दादोबा परमहंस सभेच्या प्रवर्तकांपैकी होते. जातिभेद मोडायचा म्हणून गुप्तपणे एकत्र जेवणारी ही मंडळी त्या काळाच्या हिशेबाने भलतीच धाडसी होती. आणि भास्कररावांचे हत्यार पाहिले तर ते इंग्रजांकडूनच घेतलेले होते. भाषा त्यांची, अर्थशास्त्र त्यांचे, पत्र त्यांचे, आणि पत्र छापण्याची मोकळीकही १८३५ सालच्या मेटकाफच्या कायद्याने दिलेली. या संग्रहातले कागद वर्षानुवर्षे चाळताना आमची खात्री होत गेली की सहकारी आणि टीकाकार अशा दोन रांगा लावून एकेका माणसाला कुठल्या तरी रांगेत उभे करणे निष्फळ आहे. एकाच शाळेने दोन्ही घडवले हे खरे आहे. बहुतेक वेळा तिने ते एकाच माणसात घडवले, हे अधिक महत्त्वाचे आहे. ते कसे घडले आणि कोणाच्या बाबतीत वेगळे घडले, हा या संग्रहाचा विषय.

वसाहतकालीन इंग्रजी शिक्षण म्हटले की आपल्याला आधी आठवते ते कलकत्ता आणि मेकॉलेचे २ फेब्रुवारी १८३५चे टिपण. मुंबई इलाख्याची वाट मात्र निराळी होती आणि मराठी वाचकाने ती नीट ध्यानात घ्यायला हवी. १८१९ ते १८२७ या काळात गव्हर्नर असलेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशवाई स्वतः बुडवली होती. नव्या मुलखातली माणसे दुखावू नयेत याची त्याला काळजी होती. त्याच्याच कारकिर्दीत, १८२१ साली, पुण्यात विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. दक्षिणेचा पैसा विद्येकडे वळवून जुन्या शास्त्रीवर्गाला सांभाळून घेणे हा त्यामागचा स्पष्ट राजकीय हेतू होता. मुंबईत नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीने मराठी आणि गुजराती पाठ्यपुस्तके करवून घेतली. मोल्सवर्थचा मराठी–इंग्रजी कोश १८३१ साली निघाला. कलकत्त्यात इंग्रजी की संस्कृत-फारसी असा वाद पेटला, त्या सुमारास इथे पुस्तके मराठीत उतरत होती.

यामागे सरळ व्यवहार होता. पेशव्यांचे दफ्तर मोडीत होते. वसुलीचे हिशेब, इनामांच्या सनदा, गावकामगारांचे कागद, सगळे मोडीत. हुकूम येत होते इंग्रजीत. या दोन कागदांच्या मध्ये उभा राहू शकेल असा माणूस सरकारला हवा होता, आणि तो स्वस्त हवा होता, कारण विलायतेहून आणलेल्या अधिकाऱ्याचा पगार प्रत्येक कचेरीत परवडणारा नव्हता. म्हणून पहिल्या पिढीतली मंडळी पक्की दुभाषी निघाली. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी सुरू केलेल्या ‘दर्पण’मध्ये शेजारीशेजारी दोन स्तंभ असत, एक मराठीचा आणि एक इंग्रजीचा. ते पान त्या पिढीचे मन कसे चालत होते याचा उत्तम पुरावा आहे.

एल्फिन्स्टन परत निघाला तेव्हा मुंबईकरांनी त्याच्या स्मरणार्थ दोन लाखांहून अधिक रुपये जमवले आणि विलायतेहून प्राध्यापक आणून इंग्रजीत उच्च शिक्षण देण्याचे ठरवले. इंग्रजी शिक्षण वरून लादले गेले असे सर्रास म्हटले जाते, त्या वेळी ही वर्गणी आठवावी. शहरातल्या शेटसावकारांना ते हवे होते. पुढे १८४०च्या दशकात शिक्षणमंडळात पुन्हा वाद झाला. मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचे म्हणणे, थोड्यांना इंग्रजीतून उत्तम शिकवा, विद्या त्यांच्याकडून खाली झिरपेल. कर्नल जर्व्हिस आणि जगन्नाथ शंकरशेट यांचे म्हणणे, देशभाषेतून शिकवल्याखेरीज ती लोकांपर्यंत पोचणारच नाही. अखेर तडजोड झाली आणि तिचेच पुढे बस्तान बसले. खाली मराठी, वर इंग्रजी. आज ‘इंग्रजी माध्यम’ म्हणताना बालवाडीपासूनचे शिक्षण डोळ्यांसमोर येते. त्या काळी हा शब्द हायस्कूल आणि कॉलेज एवढ्यापुरता घ्यायचा. मूल मराठीत अक्षरे गिरवी आणि वर चढत गेले की मराठी मागे पडे. १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघाले आणि थोड्याच वर्षांत वरच्या परीक्षांतून मराठी बाहेर गेली. तिला परत जागा मिळावी म्हणून रानड्यांना आयुष्याच्या अखेरपर्यंत झगडावे लागले.

या शाळेतून टीकाकार का निघाले, याचे उत्तर साधारणपणे असे दिले जाते की मुलांनी मिल आणि बर्क वाचले, स्वातंत्र्याची कल्पना त्यांना कळली आणि ती स्वतःला लावून पाहावीशी वाटली. यात तथ्य आहे, पण ते अर्धेच आहे. पुस्तकांनी माप दिले. त्या मापाने काय मोजायचे, हे राज्याच्या लेखी वचनांनी पुरवले. १८३३च्या सनदी कायद्याच्या ८७व्या कलमात लिहिले होते की धर्म, जन्मस्थान, वंश किंवा वर्ण यांवरून कोणाही देशी माणसाला कंपनीच्या पदापासून दूर ठेवले जाणार नाही. १८५८च्या राणीच्या जाहीरनाम्यात तसेच आश्वासन पुन्हा आले. प्रत्यक्षात सनदी नोकरीची परीक्षा फक्त लंडनला होत असे. १८७६ साली तिची वयोमर्यादा एकोणीस वर्षांवर आणण्याचे ठरले, म्हणजे इथल्या मुलाने पदवी घेऊन मग समुद्र ओलांडायचा मार्ग जवळजवळ बंदच. शिकलेल्या माणसापुढे कलम आणि व्यवहार दोन्ही उघडे होते आणि त्यातले अंतर त्याला स्वतःच्या आयुष्यात दिसत होते. म्हणून त्याचा विरोध बहुतेक वेळा फिर्यादीच्या रूपात पुढे आला. फिर्यादी न्यायालय मान्य करतो, कायदा मान्य करतो आणि त्याच कायद्याने प्रतिवादीला धरतो. या संग्रहातल्या इंग्रजी लेखनाचा मोठा भाग अशा फिर्यादींचा आहे आणि तो त्या दृष्टीने वाचला तर त्यातले राजनिष्ठेचे उल्लेख निव्वळ लाचारी वाटणार नाहीत.

दादाभाईंचे उदाहरण तपशिलाने पाहण्यासारखे आहे. एल्फिन्स्टन संस्थेत ते शिकले, तिथेच गणिताचे प्राध्यापक झाले, आणि १८५५ साली व्यापारासाठी विलायतेला गेले. १८७६ साली त्यांनी हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरचे निबंध वाचले. त्यातली पद्धत गणिताच्या शिक्षकाची आहे. त्यांनी प्रांतोप्रांतीचे सरकारी अहवाल घेतले. पिकाखालची जमीन किती, एकरी उतारा किती, बाजारभाव काय, हे त्या अहवालांतून उचलले. शेतीच्या उत्पन्नात खाणी, मीठ, कारखानदारी यांची भर घातली आणि बेरजेला लोकसंख्येने भागले. १८६७ ते १८७० या काळासाठी दरडोई वार्षिक उत्पन्न आले वीस रुपये. मग त्यांनी तुरुंगांचे अहवाल काढले. कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकार माणशी वर्षाला जो खर्च करत होते, तो याहून अधिक भरत होता. मोकळ्या रयतेच्या वाट्याला कैद्याइतकेही येत नाही, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखवले. या हिशेबात दोष होते. उतारे अंदाजाचे होते, नोकऱ्या आणि सेवांतून होणारे उत्पन्न त्यांनी धरले नव्हते, आणि विरोधकांनी नेमके तेच दाखवून दिले. पण त्यानंतर सरकारला वाद आकड्यांतच घालावा लागला. आणि तरीही दादाभाईंचा पक्का विश्वास होता की इंग्रज जनतेला सत्य कळले की ती न्याय करील. १८९२ साली ते फिन्सबरीतून पार्लमेंटात निवडून गेले, ते याच विश्वासाने. १९०१च्या त्यांच्या ग्रंथाच्या नावातही इंग्रज आपल्याच तत्त्वांना सोडून वागतात हीच तक्रार आहे.

रानड्यांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची, आणि आम्हांला ती अधिक जवळची वाटते. १८६२ साली मुंबई विद्यापीठाचे पहिले चार पदवीधर बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. रानडे विद्यार्थी असताना त्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्याशी तुलना करून इंग्रजी राज्याला उणे ठरवले आणि प्रिन्सिपॉल सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद केली, असे त्यांचे चरित्रकार नोंदवतात. पुढे तेच रानडे सरकारी न्यायाधीश झाले. पुण्यात असताना सार्वजनिक सभेच्या मागे उभे राहून त्यांनी दुष्काळ, जमीनमहसूल, जंगलकायदा यांवर अर्ज आणि अहवाल लिहिले. सभेच्या त्रैमासिकातले कितीतरी लेख निनावी आहेत आणि त्यांपैकी बरेच त्यांचे मानले जातात. १८७९ साली वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड झाले. फडके लष्करी हिशेबखात्यातले कारकून होते आणि रानड्यांची व्याख्याने त्यांनी ऐकलेली होती. सरकारला शंका आली आणि रानड्यांची बदली धुळ्याला झाली. १८९३ साली याच माणसाला उच्च न्यायालयात न्यायमूर्ती नेमण्यात आले. सरकारला त्यांचा संशय होता आणि सरकारला त्यांची गरजही होती. त्यांना सरकार अपुरे वाटत होते आणि ते सरकार आपल्या समाजसुधारणेला आवश्यकही वाटत होते. बालविवाह किंवा विधवांची स्थिती यांवर बोलताना कायद्याचा आधार हवा, आणि कायदा करणारे परके. ही ओढाताण त्यांनी दडवली नाही, म्हणून जहाल मंडळींनी त्यांना सरकारधार्जिणे म्हटले आणि सरकारी कागदांत ते संशयित राहिले.

या विषयावर लिहिणाऱ्या अभ्यासकांचे ढोबळ चार गट पडतात. जुन्या लेखनात, मग ते इंग्रज अधिकाऱ्यांचे असो की आपल्या प्रबोधनाचा गौरव करणाऱ्यांचे, इंग्रजी शिक्षण म्हणजे उजेड आणि राष्ट्रवाद त्याचे फळ. १९६०च्या दशकात बिपन चंद्रांनी आर्थिक राष्ट्रवादाचा सविस्तर इतिहास लिहून दादाभाई–रानडे परंपरेतील टीकेला वैचारिक वजन दिले. त्याच सुमारास, १९६८ साली, केंब्रिजच्या अनिल सील यांनी उलट बाजूने पाहिले. शिक्षितांची संख्या वाढली, जागा थोड्या, त्यातून स्पर्धा, आणि स्पर्धेतून राजकारण. सहकार्य आणि विरोध हे त्याच स्पर्धेतले डाव. सील यांचे वाचन आम्हांला कोरडे वाटते. तर्खडकरांनी आठ पत्रे लिहिली ती कुठली जागा मिळावी म्हणून, याचे उत्तर त्यात सापडत नाही. पण त्यांनी मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथल्या शिक्षितांची जात, उत्पन्न आणि धंदा तपासून पाहिले, ती शिस्त सोडून चालणार नाही.

तिसरा गट १९८०च्या दशकात पुढे आला. पार्थ चॅटर्जींनी दाखवले की राष्ट्रवादी विचार ज्या चौकटीत उभा राहिला ती चौकटच वसाहतीने दिलेली होती. गौरी विश्वनाथन यांनी १९८९च्या ग्रंथात इंग्रजी साहित्य हा अभ्यासविषय राज्य टिकवण्याच्या गरजेतून हिंदुस्थानात कसा घडला हे मांडले. हे लेखन डोळे उघडणारे आहे. त्याची मर्यादा अशी की ते बव्हंशी धोरण काय होते हे सांगते. वर्गात बसलेल्या मुलाने त्या धड्याचे काय केले, हे धोरणाच्या कागदात सापडत नाही. चौथा गट आपल्या भागाशी थेट जोडलेला आहे. रोझालिंड ओ’हॅनलन आणि गेल ऑम्व्हेट यांनी सत्यशोधक परंपरेचा अभ्यास करून आणि वीणा नारेगल यांनी इंग्रजी व मराठी यांच्या उतरंडीचा अभ्यास करून प्रश्नच बदलला. शिकलेला माणूस राज्याच्या बाजूचा की विरोधातला, याआधी त्यांनी विचारले की शिकायला मिळाले कोणाला. मराठीत गं. बा. सरदार, अ. का. प्रियोळकर, य. दि. फडके यांनी आणि इंग्रजीत जे. व्ही. नाईक यांनी मूळ कागद शोधून काढले नसते, तर या चर्चेला पाया राहिला नसता. भास्कररावांच्या पत्रांकडे आणि रामकृष्ण विश्वनाथ यांच्या १८४३च्या मराठी पुस्तकाकडे अभ्यासकांचे लक्ष वळवण्याचे मोठे श्रेय नाईकांकडे जाते.

शिकायला कोणाला मिळाले, या प्रश्नाशी आम्ही सर्वांत जास्त वेळ थांबलो. जून १८५६मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलाने अर्ज केला. शाळा सरकारी पैशांवर चालणारी. मुंबई सरकारने अर्ज नाकारला. कारण असे दिले की तत्त्वतः न्याय मुलाच्या बाजूने असला तरी त्याला घेतले तर बाकीची मुले शाळा सोडतील आणि शाळेचा उपयोगच संपेल. प्रकरण वर गेले. बंगालच्या कुठल्याही सरकारी शाळेत या मुलाला बहुधा नकार मिळाला नसता, असे हिंदुस्थान सरकारने कळवले, आणि १८५८ साली कंपनीच्या संचालकांनी सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या असल्याचे सांगितले. धारवाडच्या वर्गात मात्र त्यामुळे काही बदलले नाही. सत्तर वर्षांनंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या शिक्षणाची कैफियत सायमन कमिशनपुढे मांडली तेव्हा त्यांनी हा अर्ज पुन्हा वर काढला.

या अर्जाने सहकार्य आणि टीका या दोन्ही शब्दांची दिशा फिरते. जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकले. १८५२ साली विश्रामबागवाड्यात सरकारने त्यांचा जाहीर सत्कार केला. ‘गुलामगिरी’त त्यांनी इंग्रजी राज्याला शूद्रातिशूद्रांच्या सुटकेची संधी मानले. राष्ट्रवादी चष्म्यातून पाहणाऱ्यांनी म्हणून त्यांना सरकारच्या बाजूला टाकले. पण हंटर कमिशनला १९ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांनी दिलेले निवेदन वाचावे. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. झिरपण्याचा सिद्धांत कधी झिरपलाच नाही. बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा. मास्तर शेतकरी जातींतले नेमा. पेरींच्या धोरणावर याहून मूलगामी टीका त्या शतकात दुसरी झालेली नाही. दादाभाईंनी देशातून बाहेर जाणारा पैसा मोजला, जोतीरावांनी देशातल्या देशात खालून वर जाणारा पैसा दाखवला. हे निवेदन इंग्रजीत आहे, हेही ध्यानात घ्यावे. कमिशनपुढे बोलायचे तर ती भाषा लागतेच, आणि म्हणून ती सर्वांना मिळाली पाहिजे असा त्यांचा आग्रह होता.

राज्यकर्त्यांना भाषेतला हा फरक फार लवकर कळला होता. १८७८च्या देशी वृत्तपत्र कायद्याने जी बंधने घातली, ती देशी भाषांतल्या पत्रांवर. इंग्रजी पत्रे मोकळी राहिली. इंग्रजीतली फिर्याद सरकार ऐकून घेऊ शकत होते, कारण ती सरकारलाच उद्देशून होती. मराठीतला मजकूर रयतेला उद्देशून होता. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी शाळेतली नोकरी सोडली आणि टिळक व नामजोशी यांच्यासह १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल काढले, पुढच्याच वर्षी ‘केसरी’ मराठीत आणि ‘मराठा’ इंग्रजीत निघाले. एकाच छापखान्यातून दोन वाचकांसाठी दोन पत्रे. १८९७ साली टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला तो ‘केसरी’तल्या मजकुरावर. ज्यूरीत सहा युरोपीय आणि तीन हिंदी. न्यायालयात खल झाला तो भाषांतरातल्या शब्दांवर. सहा जणांनी दोषी ठरवले, तिघांनी निर्दोष, आणि अठरा महिन्यांची शिक्षा झाली. त्याच वेळी याच मंडळींनी १८८५ साली काढलेल्या कॉलेजला गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांचे नाव होते. सरकारी परवानगी, विद्यापीठाची संलग्नता आणि संस्थानिकांच्या देणग्या यांखेरीज खासगी कॉलेज उभे राहू शकत नव्हते, आणि स्वतंत्र शिक्षण द्यायचे तर कॉलेज उभे राहायला हवे होते.

हे कागद आत्ताच का छापायचे? मेकॉलेचे नाव आज शिवीसारखे वापरले जाते आणि २०२०च्या शैक्षणिक धोरणापासून मातृभाषेतल्या शिक्षणाची चर्चा नव्याने सुरू आहे. दुसरीकडे दलित विचारवंत चंद्रभान प्रसाद मेकॉलेचा जन्मदिवस साजरा करतात. महाराष्ट्रात मराठी शाळांचे पट घसरत असताना सेमी-इंग्रजीच्या तुकड्या भरतात आणि त्यांत मुले घालणारे पालक बहुधा शेतकरी आणि कष्टकरी असतात. या वादात दोन्ही पक्ष एकोणिसाव्या शतकाचे दाखले देतात आणि ते दाखले बहुतेक ऐकीव असतात. जर्व्हिस आणि शंकरशेट मराठीच्या बाजूने बोलले तेव्हा धारवाडचा मुलगा मराठी शाळेतही बसू शकत नव्हता. पेरी इंग्रजीच्या बाजूने बोलले तेव्हा ते इंग्रजी सर्वांना देणार नव्हते. भाषेचा वाद आणि प्रवेशाचा वाद तेव्हाही वेगवेगळे होते. त्यांची सरमिसळ आजही होते आणि तिचा तोटा त्याच मुलांना होतो.

संग्रहाची मांडणी माणसांनुसार केलेली नाही. सहकारी आणि टीकाकार असे भाग पाडणे तर आम्ही कटाक्षाने टाळले. कागद कोणाला उद्देशून लिहिला आहे, यावर मांडणी ठरवली. सरकारला लिहिलेले अर्ज, निवेदने आणि साक्षी एका ठिकाणी आहेत. इंग्रज वाचकांसाठी वृत्तपत्रांत लिहिलेले दुसऱ्या ठिकाणी, आणि मराठी वाचकांसाठी लिहिलेले तिसऱ्या. त्यामुळे एकच लेखक दोन-तीन ठिकाणी भेटेल आणि दर ठिकाणी त्याचा स्वर बदललेला ऐकू येईल. लोकहितवादी सरकारी नोकरीत होते. त्यांनी ‘प्रभाकर’मधून १८४८पासून लिहिलेली पत्रे वाचताना आपल्या लोकांना ते किती कठोर बोलतात आणि इंग्रजी राज्याला ईश्वरी योजना मानत असतानाच पुढे कधीतरी इथे पार्लमेंट मागितले जाईल असे किती सहज लिहून जातात, हे पाहण्यासारखे आहे. इंग्रजी कागद मराठीत आणताना आम्ही त्यांतले दरबारी मायने गाळलेले नाहीत. ते आज अवघडल्यासारखे वाटतात, पण फिर्याद कोणापुढे आणि कशी मांडावी लागत होती हे त्यांतूनच कळते. मराठी मजकुराचे जुने शुद्धलेखन तसेच ठेवले आहे, विरामचिन्हे तेवढी आजच्या पद्धतीने दिली आहेत.

काही गोष्टी या संग्रहात नाहीत. पंडिता रमाबाईंनी हंटर कमिशनपुढे १८८२ साली साक्ष दिली. स्त्रियांच्या शिक्षणाचा प्रश्न त्या साक्षीपासून पुढे वेगळ्या वाटेने गेला आणि त्याला स्वतंत्र खंड लागेल. बडोदा आणि कोल्हापूर या संस्थानांनी ब्रिटिश मुलखाच्या आधी सक्तीच्या शिक्षणाचे आणि वसतिगृहांचे जे प्रयोग केले, तेही इथे नाहीत, आणि बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर शिकलेल्या आंबेडकरांचे अर्थशास्त्रीय लेखन त्यांच्या सोबतच वाचले गेले पाहिजे. गोव्यात राज्य पोर्तुगीजांचे आणि प्रतिष्ठेची भाषाही पोर्तुगीज, त्यामुळे मांडवी ओलांडून मुंबईला इंग्रजी शिकायला आलेल्या गोमंतकीयांचा इतिहास दोन साम्राज्यांच्या मधला आहे. त्यासाठी लागणारे कागद पणजी, मुंबई आणि लिस्बन इथे विखुरलेले आहेत. या खंडाचा काळ १८३२च्या ‘दर्पण’पासून १८९७च्या खटल्यापर्यंत ठेवला आहे. धारवाडच्या अर्जाचा कागद त्याच्या तारखेनुसार मध्ये कुठेतरी यायला हवा होता. तो आम्ही सर्वांत आधी घेतला आहे आणि बाकीचे कागद त्यानंतर वाचावेत अशी विनंती आहे.